प्राथमिक आरोग्य केंद्रातली गरोदरपणाची तपासणी: साठ बायका, एक डॉक्टर आणि दिवाळीनंतर गाव सोडणारी कोयत्याची बाई

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नवीन वैद्यकीय अधिकारी आहे. ९ तारखेला पन्नास-साठ गरोदर बायका येतात. मी एकटा, दोन सिस्टर आणि एक लॅब टेक्निशियन. गरोदर बाईला किती वेळा बोलवायचं, कोणत्या तिमाहीत कोणत्या तपासण्या करायच्या आणि प्रत्येक भेटीत किमान काय झालंच पाहिजे? आमच्या निम्म्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांचं काय करायचं?

उत्तर:

भेटी किती, हे आधी सांगतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात किमान चार भेटी धरल्या आहेत: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली चारऐवजी आठ भेटी सांगितल्या: १२, २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० आठवडे. त्यातल्या पाच भेटी शेवटच्या तिमाहीत आहेत, कारण बीपी वाढणं, बाळाची वाढ खुंटणं, बाळ पायाळू असणं हे सगळं त्याच काळात दिसतं आणि तेव्हाच त्यावर काही करता येतं.

आता ९ तारखेचं गणित बघा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा दिवस चांगला आहे, तो पाळाच. पण बाईची तपासणी फक्त ९ तारखेलाच होत असेल, तर महिन्यातून एकच भेट होते. एखादी ९ फेब्रुवारीला जवळजवळ ३५ आठवड्यांची असेल, तर तिची पुढची ९ तारीख येते ३९ व्या आठवड्यात. मधले चार आठवडे कोणी तिच्या दंडाला पट्टा लावत नाही, आणि बीपी चढण्याची भीती सर्वांत जास्त असते ती याच चार आठवड्यांत. म्हणून माझा पहिला सल्ला असा: ३४ आठवड्यांपर्यंत ९ तारीख चालेल. त्यानंतर ३६, ३८ आणि ४० आठवड्यांच्या भेटी उपकेंद्रात सिस्टरकडे किंवा गावातल्या आरोग्य दिवशी ठेवा. त्या भेटीला तुमची गरज नाही. बीपी, लघवीतलं अल्ब्युमिन, बाळाचे ठोके, बाळाची हालचाल आणि बाळाचं डोकं खाली आहे का, एवढं सिस्टर नीट बघू शकते. काही वावगं दिसलं तर तिने तुम्हाला फोन करायचा.

हे सगळं आठवड्यांवर चालतं, त्यामुळे शेवटच्या पाळीची तारीख चुकली तर पुढचं सगळं चुकतं. आमच्याकडच्या बायकांना तारीख आठवत नाही, पण सण, पेरणी, नक्षत्र, गावची जत्रा बरोबर आठवते. "मृग लागल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी आली होती" असं बाई म्हणाली की १० जूनच्या आसपासची तारीख मिळते. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अपेक्षित तारीख १७ मार्च. पाळी अनियमित असेल, अंगावर पाजत असतानाच दिवस गेले असतील किंवा काहीच आठवत नसेल, तर १४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी करून घ्या. त्या वेळची तारीख आठवडाभराच्या फरकाने बरोबर असते. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख काढली तर तीन आठवड्यांचीही चूक होऊ शकते. एकदा ठरलेली तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीबरोबर ती बदलत बसू नका. नंतरच्या सोनोग्राफीत बाळ तीन आठवड्यांनी लहान दिसलं, तर बहुधा तारीख चुकलेली नसते, बाळ वाढत नसतं.

पहिल्या भेटीला वेळ द्यावा लागतो, तिथे घाई चालत नाही. आधीचं बाळंतपण कसं झालं हे खोदून विचारा: सिझर, रक्तस्राव, झटके, बीपी, मेलेलं किंवा कमी वजनाचं बाळ. उंची, वजन, बीपी बघा, हृदयाचे ठोके ऐका. रक्तात हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि साखर. लघवीत अल्ब्युमिन आणि साखर. सिफिलिसची तपासणी कुणी गंभीरपणे घेत नाही, म्हणून वेगळं सांगतो. पॉझिटिव्ह आली तर बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट्सचं इंजेक्शन त्याच दिवशी द्यायचं. "पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये, मग बघू" असं करायचं नाही. नवऱ्याचे उपचार नंतर होतील, पण इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं बाळ वाचण्याची शक्यता जास्त. जंतुसंसर्ग किती जुना आहे हे कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने एकूण तीन इंजेक्शनं लागतात.

साखरेची तपासणी बाई उपाशी असो वा जेवून आलेली, करता येते. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी रखडण्याचं कारण एकच: बाई दुपारी एक वाजता टेक्निशियनच्या टेबलावर पोचते आणि तिची एसटी दोनची असते. म्हणून ग्लुकोज पाजण्याचं काम दारातच करा. आल्या आल्या पाणी पाजायचं, कार्डावर वेळ लिहायची, आणि बाकीचं सगळं त्या दोन तासांत उरकायचं. पहिल्यांदा साखर नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत हीच तपासणी पुन्हा करायची.

दुसऱ्या तिमाहीत नव्याने येतात त्या गोष्टी मोजक्याच. १४ व्या आठवड्यापासून रोज लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एकदाच. धनुर्वात-घटसर्पाची लस: पहिली नोंदणीलाच दिलेली असते, दुसरी चार आठवड्यांनी. गेल्या तीन वर्षांत आधीच्या बाळंतपणात लस पूर्ण झाली असेल तर एकच बूस्टर पुरे. बाळातले दोष बघणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत. इथे उशीर करू नका. गंभीर दोष सापडला तर कायद्याच्या मर्यादेत निर्णय घ्यायला त्या कुटुंबाला वेळ मिळाला पाहिजे. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर २८ आठवड्यांपर्यंत इनडायरेक्ट कूम्ब्ज तपासणी आणि ती निगेटिव्ह आली तर अँटी-डी. तिसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन पुन्हा, प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवी, २४ आठवड्यांनंतर पोटाची उंची टेपने सेंटिमीटरमध्ये. ती आठवड्यांच्या आकड्याशी साधारण दोनच्या फरकाने जुळते. तीन सेंटिमीटर कमी भरली तर सोनोग्राफीला पाठवा.

आता साठ बायकांचं. चार तासांची ओपीडी धरली आणि प्रत्येक बाई तुमच्यासमोर बसली, तर प्रत्येकीला चार मिनिटं मिळतात. चार मिनिटांत तुम्ही फक्त सही करू शकता. त्याऐवजी सगळ्यांची बीपी, वजन, लघवी आणि हिमोग्लोबिन आधी होऊ द्या, आणि तुमच्यासमोर तिघीच येऊ द्या: पहिल्यांदा आलेली, ३६ आठवड्यांच्या आसपासची आणि जिच्या कार्डावर काही जोखीम निघाली ती. साठातल्या अशा वीसेक निघतात. प्रत्येकीला बारा मिनिटं मिळाली की तिचं म्हणणं ऐकता येतं, पोट तपासता येतं. बाकीच्या सिस्टर बघतील. अभियानातले रंगीत स्टिकर याच कामाचे आहेत. ते ओपीडी संपल्यावर अहवालासाठी चिकटवू नका, बीपीच्या टेबलावरच चिकटवा, म्हणजे कुणाला तुमच्याकडे आणायचं हे आशाताईला लगेच कळेल.

ही रचना टिकते ती बीपी खरं मोजलं जात असेल तरच. एकदा तुमचं जुनं रजिस्टर उघडून बीपीचा रकाना वरून खाली वाचा. सगळीकडे ११०/७० आणि १२०/८० असेल, तर बीपी मोजलं गेलेलं नाही. खरे आकडे ११४/७२, १२६/८४ असे वेडेवाकडे येतात. कारण बहुतेक वेळा आळस नसतो. पट्टा फाटलेला असतो, यंत्राची बॅटरी संपलेली असते, किंवा रांगेत उभ्या बाईचा दंड हवेत लोंबकळत असताना मोजायला सांगितलेलं असतं. बाईला पाच मिनिटं बसवा, हात टेबलावर ठेवा, पट्टा ब्लाउजच्या बाहीवर नाही तर उघड्या दंडावर. वरचा आकडा १४० किंवा जास्त, अथवा खालचा आकडा ९० किंवा जास्त आला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तिला केंद्रातच थांबवून चार तासांनी आणखी एकदा. दुसऱ्यांदाही तेवढाच भरला तर तो आजार आहे, "चालून आली म्हणून" नाही. हिमोग्लोबिनच्या रकान्यातही सगळीकडे १० आणि १०.५ दिसलं तर तीच शंका घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं वेळापत्रक वेगळं आखावं लागतं. समजा, बावीस वर्षांची बाई, दुसरी खेप. पहिल्या वेळी नवव्या महिन्यात बीपी वाढून कळा आणाव्या लागल्या होत्या. शेवटची पाळी १० जून. १९ ऑगस्टला, बरोबर १० आठवड्यांना, आशाताई तिला घेऊन येते. वजन ४६ किलो, बीपी ११८/७६, लघवी साफ, साखर ११२, हिमोग्लोबिन ८.९. फॉलिक ॲसिड सुरू करायचं. तिला पहिल्यांदाच विचारायचं: "कोयता कधी निघणार? मुकादमाकडून उचल घेतलीय का?" उत्तर येतं, "दिवाळी झाली की." म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, २१ व्या आठवड्यात ती निघणार आणि परतेल ती बाळ घेऊनच. तुमच्या हातात अडीच महिने आहेत.

तिच्या पहिल्या बाळंतपणातल्या बीपीमुळे दोन गोष्टी ठरतात. १२ आठवडे पूर्ण झाले की ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम रोज रात्री. ही गोळी २० आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच तिचा खरा उपयोग. आणि कॅल्शियम चुकवायचं नाही.

९ सप्टेंबरला १३ आठवडे. उलट्या थांबल्या आहेत. हिमोग्लोबिन ७ ते ९.९ मध्ये असल्यामुळे लोहाची एक नाही, दोन गोळ्या रोज. अल्बेंडाझोल द्यायचं. इथे सिस्टरने नीट समजवायचं की लोहाची गोळी जेवणानंतर तासाभराने पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीत व लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर. शौचाला काळं होईल हे आधीच सांगा, नाहीतर त्याच भीतीने गोळ्या बंद होतात. रिकामं पाकीट पुढच्या वेळी आणायला सांगा. गोळ्या खाल्ल्या का या प्रश्नाचं खरं उत्तर त्या पाकिटावर असतं.

९ ऑक्टोबरला १७ आठवडे. हिमोग्लोबिन ९.२. एका महिन्यात किमान १ ग्रॅम वाढायला हवं होतं, वाढलं ०.३. पाकीट बघितलं तर निम्म्या गोळ्या तशाच, कारण मळमळते. गावातच राहणारी बाई असती तर आणखी एक महिना समजावून बघितलं असतं. हिच्याकडे तो महिना नाही. चार आठवड्यांनी ती फडात जाईल, पहाटेपासून मोळ्या उचलेल, आणि तिथे हिमोग्लोबिन कोणी मोजणार नाही. म्हणून आत्ताच शिरेतून लोह. पहिली तिमाही संपलेली आहे, त्यामुळे ते देता येतं. हिशोब असा: वजन ४६ गुणिले कमी पडणारं हिमोग्लोबिन १.८ गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. उत्तर येतं जवळपास ७०० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर सलाइनमधून सावकाश, एक दिवसाआड, आठवड्यात ६०० च्या वर नाही, असे चार डोस. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज उपलब्ध असेल तर वजनाच्या मर्यादेत एकाच बैठकीत बहुतेक काम होतं, आणि रोजंदारी बुडवून चार फेऱ्या मारणाऱ्या बाईसाठी तेच बरं. ज्या केंद्रात ॲड्रेनॅलिन, ऑक्सिजन आणि डॉक्टर हजर नाहीत तिथे हे देऊ नका, ग्रामीण रुग्णालयात पाठवा. शिरेतून लोह चालू असताना तोंडावाटे लोह बंद ठेवायचं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असतं तर तिला थेट वर पाठवलं असतं, आणि ५ च्या खाली असतं तर लगेच रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात भरती.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सोनोग्राफी, लसीचा राहिलेला डोस. निघण्याच्या आधी ४ नोव्हेंबरला शेवटची भेट: २१ आठवडे, हिमोग्लोबिन १०.३, बीपी ११६/७४. या भेटीला तपासणीपेक्षा हवाली करण्याचं काम मोठं. लोह आणि कॅल्शियम किमान दोन महिन्यांचं, ॲस्पिरिनही तेवढंच. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्याच हातात. मुकादमाकडे नाही, सासूकडे नाही. कार्डाच्या मागे मी तीन ओळी लिहितो: "पहिल्या खेपेला बीपी वाढलं होतं. साखरेची दुसरी तपासणी २५ नोव्हेंबर ते २३ डिसेंबरच्या दरम्यान. प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवी." अनोळखी डॉक्टर पूर्ण कार्ड वाचत नाही, पण या तीन ओळी वाचतो. कारखान्याचं नाव आणि तळ कुठे पडणार हे मुकादमाला विचारून, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून सिस्टरचा नंबर घ्यायचा. हा फोन तुम्ही स्वतः करा. डॉक्टरने डॉक्टरला सांगितलेलं लक्षात राहतं.

तिला आणि नवऱ्याला एकत्र बसवून धोक्याची लक्षणं सांगा. दहा सांगू नका, पाच सांगा: न थांबणारं डोकं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, बेंबीच्या वर दुखणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, चेहरा आणि हात सुजणं. यातलं एक जरी झालं तर कोपीत रात्र काढायची नाही, १०८ ला फोन. ते तिच्याकडून परत वदवून घ्या.

पुढे समजा २७ जानेवारीला, ३३ आठवड्यांना, तिकडच्या सिस्टरने तळावर जाऊन बीपी घेतलं: १४६/९४. लघवीत अल्ब्युमिन एक प्लस. डोकेदुखी नाही. हे घरी पाठवण्याचं बीपी नाही. त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयात. तिथे प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, गोळ्या, बाळाची सोनोग्राफी, आणि ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल असं वाटलं तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, चार वेळा. सगळं आटोक्यात राहिलं तर ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणतात.

तेच बीपी १६०/११० किंवा वर भरलं असतं, किंवा डोकं दुखत असतं, तर गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. निफेडिपिनची १० मिलिग्रॅमची गोळी तोंडाने, आणि मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात पाच ग्रॅम, खोलवर. हा पहिला डोस सिस्टरही देऊ शकते. तो देऊन, चिठ्ठीवर वेळ लिहूनच पाठवायचं, म्हणजे पुढच्या रुग्णालयात तोच डोस पुन्हा दिला जाणार नाही. हे औषध तुमच्या लेबर रूमच्या ट्रेमध्ये आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे आज संध्याकाळीच बघा.

उलट्या बाजूनेही हेच होतं. मार्च-एप्रिलमध्ये फडावरून परतलेल्या बायका तुमच्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदाच येतील. त्यांना "उशिरा आलीस" असं ऐकवण्यात वेळ घालवू नका. त्यांची ती पहिली भेट आहे, म्हणून पहिल्या भेटीतलं सगळं त्याच दिवशी करा: रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, साखर, लस, सोनोग्राफीची चिठ्ठी. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्यांवर महिना घालवायला त्यांच्याकडेही वेळ नसतो, शिरेतून लोहाचा विचार लगेच करा.

३६ आठवड्यांची भेट मात्र कुठल्याही बाईची चुकू देऊ नका. पोटावर हात ठेवून डोकं खाली आहे याची खात्री करा. बाळ पायाळू किंवा आडवं वाटलं तर सोनोग्राफी आणि वरच्या रुग्णालयात नोंद. हिमोग्लोबिन शेवटचं एकदा. बाळंतपण कुठे होणार, सोबत कोण येणार, रात्री गाडी कुणाची, रक्तगट जुळणारा नातेवाईक कोण, हे नावांसकट कार्डावर. जुनं सिझर, बीपी, मधुमेह किंवा ९ च्या खाली हिमोग्लोबिन असलेली बाई तुमच्या केंद्रात बाळंत होणार नाही, हे तिला आणि तिच्या माणसांना याच दिवशी सांगायचं, कळा सुरू झाल्यावर नाही.

दर महिन्याच्या १ तारखेला रजिस्टरमधून ३४ ते ४० आठवड्यांच्या बायकांची यादी काढा आणि गावाप्रमाणे आशाताईंना द्या. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात त्याच यादीशेजारी दुसरी यादी हवी: कोयत्याबरोबर जाणाऱ्या सगळ्या गरोदर बायका, त्यांचे आठवडे, कारखान्याचं नाव आणि नवऱ्याचा मोबाइल नंबर.